वर्षाच्या मध्यात घेतलेली उपकंपनी: नफ्याची विभागणी आणि लाभांशाचा प्रश्न

एका कंपनीने दुसऱ्या कंपनीचे बहुसंख्य भाग विकत घेतले की त्या दोन्ही कंपन्यांचा एकत्रित ताळेबंद आणि एकत्रित नफातोटा पत्रक तयार करावे लागते. खरेदी १ एप्रिलला झाली असेल तर काम सरळ असते, कारण आदल्या दिवशीचा ताळेबंद हाताशी असतो. पण असे सौदे आर्थिक वर्षाच्या पहिल्याच दिवशी पुरे होणे दुर्मिळ. बहुतेक वेळा भाग जुलै, ऑक्टोबर किंवा जानेवारीत हस्तांतरित होतात आणि उपकंपनीचे वर्ष मधोमध चिरले जाते. त्या तारखेपर्यंतचा नफा म्हणजे अधिग्रहणपूर्व नफा. सूत्रधारी कंपनीने तो कमावलेला नसतो, पैसे मोजून विकत घेतलेला असतो. तारखेनंतरचा नफा मात्र समूहाची स्वतःची कमाई ठरतो. पाठ्यपुस्तके पहिल्याला भांडवली नफा म्हणतात आणि दुसऱ्याला महसुली. उपकंपनीने पुढे वाटलेला लाभांश यांपैकी कोणत्या नफ्यातून आला, हा यातूनच निघणारा दुसरा प्रश्न.

हे दोन प्रश्न वर्गात आणि परीक्षेत नेहमी जोडीने शिकवले जातात, त्यामुळे ते एकच आहेत असा समज होतो. प्रत्यक्षात त्यांचा परिणाम वेगवेगळ्या ठिकाणी होतो. एकत्रित विवरणांवर खरा परिणाम होतो तो नफ्याच्या विभागणीचा. लाभांशाच्या वर्गवारीचा परिणाम मुख्यतः सूत्रधारी कंपनीच्या स्वतंत्र हिशेबांवर होतो. गेल्या दोन दशकांत नियम कुठे आणि का बदलले, हे या फरकाच्या आधारे पाहिले तर नीट उमगते.

पार्श्वभूमी

अधिग्रहणपूर्व नफा महसूल म्हणून धरू नये, ही कल्पना भारतीय कायद्यात लेखामानकांच्या बरीच आधी आली. १९५६ च्या कंपनी कायद्यात एकत्रित विवरणे बंधनकारक नव्हती. कलम २१२ नुसार उपकंपनीचे हिशेब सूत्रधारी कंपनीच्या ताळेबंदाला जोडावे लागत आणि उपकंपनीच्या नफ्यातील आपल्या वाट्याचे निवेदन द्यावे लागे. त्याच कलमात एक महत्त्वाची अट होती: भाग घेण्याच्या तारखेपूर्वीचा नफा सूत्रधारी कंपनीच्या हिशेबात महसुली नफा म्हणून दाखवता येणार नाही. उपकंपनीच्या तिजोरीत साठलेला जुना पैसा लाभांशाच्या रूपाने वर ओढून घ्यायचा आणि तोच आपल्या भागधारकांना नफा म्हणून वाटायचा, ही वाट या अटीने अडवली होती. भागांसाठी मोजलेल्या किमतीतलाच काही भाग परत आला, याला नफा म्हणता येत नाही.

पुढे इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडियाने काढलेले लेखामानक २१ हे २००१ पासून लागू झाले आणि एकत्रित विवरणांची पद्धत ठरली. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १२९(३) ने उपकंपनी असलेल्या कंपन्यांना ही विवरणे बंधनकारक केली. १ एप्रिल २०१६ पासून मोठ्या कंपन्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानकांवर बेतलेली इंड एएस मानके टप्प्याटप्प्याने लागू झाली. पहिल्या टप्प्यात ५०० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक निव्वळ मत्ता असलेल्या कंपन्या आल्या, पुढच्या टप्प्यात इतर सूचीबद्ध कंपन्या आणि २५० कोटींवरच्या असूचीबद्ध कंपन्या. त्यामुळे आज भारतात दोन चौकटी शेजारी शेजारी चालतात. लहान असूचीबद्ध समूह लेखामानक २१ आणि लेखामानक १३ पाळतात, मोठे समूह इंड एएस १०३, ११० आणि २७. या दोन चौकटी नफ्याच्या विभागणीबाबत बऱ्याच जवळ आहेत, पण लाभांशाबाबत त्यांची उत्तरे वेगळी आहेत.

तारीख कोणती

विभागणीची रेषा कुठे ओढायची, हे सगळ्यात आधी ठरते. दोन्ही चौकटींचे तत्त्व एकच आहे: नियंत्रण ज्या दिवशी हाती येते तो दिवस. इंड एएस १०३ नुसार हा दिवस साधारणपणे मोबदला देऊन व्यवहार पुरा करण्याचा असतो, पण लेखी करारामुळे नियंत्रण त्याआधी किंवा त्यानंतरही येऊ शकते.

अडचण येते ती करारातल्या एका नेहमीच्या कलमामुळे. सौदा ऑगस्टमध्ये पुरा होतो, पण १ एप्रिलपासूनचा नफा खरेदीदाराचा, असे करारात लिहिलेले असते. हे कलम वाचून उपकंपनीचा पूर्ण वर्षाचा नफा समूहात घेण्याचा मोह होतो. तसे करता येत नाही. एप्रिल ते जुलै संचालक मंडळ विक्रेत्याचे होते, निर्णय त्याचे होते. कलमाचा अर्थ एवढाच की किंमत ठरवताना त्या चार महिन्यांचा नफा खरेदीदाराच्या पदरात पडेल हे धरले गेले. तो किमतीचा भाग आहे, म्हणजे अधिग्रहणपूर्वच.

न्यायाधिकरणाने मंजूर केलेल्या विलीनीकरणाच्या योजनांची गोष्ट वेगळी आहे. तिथे योजनेतली नियत तारीखच इंड एएस १०३ साठी अधिग्रहणाची तारीख धरावी, असे कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०१९ च्या परिपत्रकात स्पष्ट केले. भाग विकत घेऊन उपकंपनी झाली असेल तर मात्र नियंत्रणाचाच दिवस पाहावा लागतो.

व्यवहारात एक सवलत सर्वत्र मानली जाते. नियंत्रण महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी आले तर आदल्या महिनाअखेरचे हिशेब आधाराला घेतले जातात. मधल्या दिवसांत मोठा व्यवहार किंवा घटना घडलेली नसेल तर याला कोणी हरकत घेत नाही, आणि आंतरराष्ट्रीय लेखामानक मंडळानेही आपल्या विवेचनात ही सोय मान्य केली आहे.

नफ्याची विभागणी: महिन्यांच्या प्रमाणात की प्रत्यक्ष हिशेबाने

समजा, बियाणे विकणाऱ्या एका कंपनीचे ८० टक्के भाग १ ऑगस्ट २०२४ रोजी ९०० लाख रुपयांना घेतले गेले. भागभांडवल ५०० लाख आणि १ एप्रिलची शिल्लक ३०० लाख. २०२४-२५ या वर्षाचा नफा १८० लाख. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत आदल्या वर्षाचा ५० लाखांचा अंतिम लाभांश मंजूर झाला आणि जानेवारीत ६० लाखांचा अंतरिम लाभांश दिला गेला. सोपेपणासाठी मत्तांचे वाजवी मूल्य पुस्तकी मूल्याइतकेच धरू.

महिन्यांच्या प्रमाणात विभागणी केली तर चार महिन्यांचे ६० लाख अधिग्रहणपूर्व आणि आठ महिन्यांचे १२० लाख अधिग्रहणोत्तर. १ ऑगस्टची निव्वळ मत्ता ५०० अधिक ३०० अधिक ६०, म्हणजे ८६० लाख. तिचे ८० टक्के ६८८ लाख. दिलेल्या ९०० मधून ते वजा केले की गुडविल २१२ लाख. समूहाच्या नफ्यात १२० च्या ८० टक्के, म्हणजे ९६ लाख येतात.

पण बियाण्यांचा धंदा महिन्यांच्या प्रमाणात चालत नाही. कापूस, सोयाबीन, तुरीचे बियाणे मे ते जुलैमध्ये विकले जाते. रब्बीच्या गहू-हरभऱ्याची विक्री ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते आणि या कंपनीची ती विक्री त्या मानाने लहान आहे. ३१ जुलैचे प्रत्यक्ष हिशेब काढले तर चार महिन्यांतच १५० लाखांचा नफा झालेला दिसतो, उरलेल्या आठ महिन्यांत फक्त ३० लाख. आता तारखेची निव्वळ मत्ता ९५० लाख, तिचे ८० टक्के ७६० लाख, गुडविल १४० लाख. समूहाचा वाटा ३० च्या ८० टक्के, म्हणजे २४ लाख.

दोन्ही पद्धतींत गुडविलमध्ये ७२ लाखांचा फरक पडला आणि नफ्यातही नेमका तेवढाच. महिन्यांच्या प्रमाणाने खरेदीदाराने विकत घेतलेला खरिपाचा नफा तारखेच्या निव्वळ मत्तेतून काढून आपल्या कमाईत टाकला. ताळेबंद दोन्ही पद्धतींनी जुळतो, अल्पसंख्य भागधारकांचा वर्षअखेरचा वाटाही दोन्हीकडे १७४ लाखच राहतो. त्यामुळे बेरीज जुळली एवढ्यावरून ही चूक सापडत नाही. उपकंपनीची महिनावार विक्री समोर ठेवली तरच ती दिसते.

महिन्यांच्या प्रमाणाचे समर्थकही आहेत, आणि त्यांची बाजू निराधार नाही. लेखामानक २१ म्हणते की तारखेचे हिशेब उपलब्ध नसतील आणि ते तयार करणे व्यवहार्य नसेल, तर लगतच्या आधीच्या कालावधीचे हिशेब घ्यावेत आणि मधल्या महत्त्वाच्या व्यवहारांचे फेरफार करावेत. महिन्यांचे प्रमाण हा अशा फेरफाराचाच एक साधा मार्ग आहे, असे हा पक्ष म्हणतो. लहान असूचीबद्ध कंपनीत जुलैअखेर माल मोजलेला नसतो, कराची आणि उपदानाची तरतूद केलेली नसते, आणि मागाहून ती रचायला येणारा खर्च फायद्याच्या मानाने जास्त असतो. व्यवसाय वर्षभर सारखा चालत असेल, उदाहरणार्थ भाड्याने गोदामे देणारी कंपनी, तर निकालात फारसा फरकही पडत नाही.

दुसरा पक्ष म्हणतो की इंड एएसमध्ये प्रमाणाने विभागणी करण्याची अशी वाट दिलेलीच नाही. इंड एएस १०३ ला तारखेच्या प्रत्येक मत्तेचे आणि देण्याचे वाजवी मूल्य हवे असते, आणि ती यादी प्रमाणातून निघत नाही. पूर्ण वर्षाच्या नफ्याचे तुकडे करणे ही फक्त सोय आहे आणि फरक नगण्य असेल तेवढ्यापुरतीच ती चालते. या दोन टोकांच्या मध्ये विक्रीच्या प्रमाणात ढोबळ नफा आणि महिन्यांच्या प्रमाणात स्थिर खर्च वाटणे, अशी मिश्र पद्धतही वापरली जाते. हंगामी धंद्यात ती निव्वळ महिन्यांच्या प्रमाणापेक्षा बरीच बरी, पण तिलाही प्रत्यक्ष हिशेबाची सर येत नाही.

प्रत्यक्ष हिशेब काढले म्हणजे वाद संपतो असेही नाही. बियाण्यांच्या धंद्यात न विकलेल्या पिशव्या विक्रेते हंगामानंतर परत पाठवतात, आणि त्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गोदामात येतात. विक्री मात्र जुलैपर्यंत नोंदलेली असते. परत येणाऱ्या मालाची तरतूद ३१ जुलैला केली नाही, तर अधिग्रहणपूर्व नफा फुगतो, गुडविल कमी निघते आणि सप्टेंबरमधली घट समूहाच्या नफ्यावर पडते. गोदामात उरलेल्या खरीप बियाण्याचेही तसेच. त्याची उगवणक्षमता पुढच्या हंगामापर्यंत टिकली नाही तर ते बियाणे म्हणून विकता येत नाही. मार्चमध्ये त्याचे मूल्य कमी केले, तर तो तोटा कोणत्या काळाचा? हंगाम उलटल्यावर हा साठा तसाच राहणार हे १ ऑगस्टलाच दिसत असेल तर तो अधिग्रहणपूर्व आहे. साठवणुकीतला बिघाड नंतर झाला असेल तर अधिग्रहणोत्तर. इंड एएस १०३ यासाठी तारखेपासून जास्तीत जास्त एक वर्षाचा मापन कालावधी देते. तारखेला असलेल्या परिस्थितीबद्दल नवी माहिती मिळाली तर गुडविल सुधारता येते, पण नंतर घडलेल्या घटनांसाठी ही मुभा नाही. ही रेषा ओढण्यात लेखापरीक्षक आणि कंपनी यांच्यात सर्वाधिक ओढाताण होते.

वाजवी मूल्य पुस्तकी मूल्याहून जास्त निघाले तर आणखी एक गोष्ट घडते. तारखेचा तयार साठा वाजवी मूल्याने धरला की त्याच्या किमतीत विक्रीचा बराचसा नफा आधीच सामावतो. तो माल पुढे विकल्यावर समूहाच्या हिशेबात फारच थोडा नफा उरतो, आणि वाढीव मूल्याच्या यंत्रांवरचा जादा घसाराही आठ महिन्यांपुरता अधिग्रहणोत्तर नफ्यातून जातो. उपकंपनीच्या स्वतःच्या पुस्तकात यातले काहीच दिसत नाही. लेखामानक २१ पुस्तकी मूल्यावरच थांबत असल्याने तिथे हा प्रश्न येत नाही.

लाभांश: कोणत्या नफ्यातून

आता लाभांशाकडे. सप्टेंबरचा ५० लाखांचा अंतिम लाभांश आदल्या वर्षाच्या नफ्यातून आहे, म्हणजे तो पूर्णपणे अधिग्रहणपूर्व. त्यातले ४० लाख सूत्रधारी कंपनीला मिळाले. लेखामानक १३ नुसार ते उत्पन्न धरले जात नाहीत, गुंतवणुकीच्या किमतीतून वजा होतात. ९०० ची किंमत ८६० होते. एकत्रीकरणात उपकंपनीची अधिग्रहणपूर्व मत्ताही ५० ने घटून ९५० ची ९०० होते आणि तिचे ८० टक्के ७२० होतात. ८६० वजा ७२० म्हणजे गुडविल पुन्हा १४० च.

हा निकाल लक्षात ठेवण्याजोगा आहे. दोन्ही बाजूंना तोच लाभांश धरला तर गुडविल हलत नाही. चूक होते ती एकच बाजू केल्यामुळे. सूत्रधारी कंपनीने ४० लाख नफातोटा पत्रकात जमा ठेवले आणि एकत्रीकरण करणाऱ्याने उपकंपनीच्या शिलकीतून मात्र ५० वजा केले, तर गुडविल ९०० वजा ७२० म्हणजे १८० निघते आणि समूहाच्या शिलकीत ४० लाख जास्त दिसतात. ताळेबंद इथेही जुळतो. ही चूक पकडायला एक कसोटी पुरते: गुडविल हे तारखेच्या किमतीवरून आणि मत्तेवरून ठरते, तेव्हा मापन कालावधीतली दुरुस्ती सोडली तर नंतरच्या कोणत्याही लाभांशाने ते बदलता कामा नये. बदलले असेल तर कुठेतरी एकच बाजू धरली गेली आहे.

जुने हिशेब वाचताना एक सावधगिरी लागते. २०१६ च्या दुरुस्तीपूर्वी प्रस्तावित लाभांश ताळेबंदातच देणे म्हणून दाखवला जाई. अशा ताळेबंदावरून निव्वळ मत्ता काढली तर ५० लाख आधीच वजा झालेले असतात, आणि ते पुन्हा वजा केले तर गुडविल ४० लाखांनी फुगते. सुधारित लेखामानक ४ नुसार ताळेबंदानंतर जाहीर झालेला लाभांश त्या तारखेचे देणे मानला जात नाही, म्हणून ही अडचण आता उरली नाही. पण जुन्या पुस्तकांतली उदाहरणे अजून त्याच पद्धतीने सोडवलेली सापडतात.

अंतरिम लाभांश ही खरी वादाची जागा. तो चालू वर्षाच्या नफ्यातून दिला जातो, आणि चालू वर्षाचा नफा दोन्ही काळांचा आहे. एका मताप्रमाणे लाभांश सर्वात अलीकडच्या नफ्यातून दिला असे धरावे. दुसऱ्या मताप्रमाणे तो वर्षाच्या नफ्याच्या प्रमाणात वाटावा. महिन्यांच्या विभागणीत १२० लाख अधिग्रहणोत्तर असल्याने पहिल्या मताने ६० चे ६० अधिग्रहणोत्तर ठरतात आणि सूत्रधारी कंपनीचे ४८ लाख उत्पन्न होते. दुसऱ्या मताने तृतीयांश, म्हणजे २० लाख, अधिग्रहणपूर्व ठरतात. उत्पन्न ३२ लाख होते आणि १६ लाख गुंतवणुकीतून वजा होतात. गुडविल मात्र दोन्हीकडे २१२ आणि समूहाचा वाटा दोन्हीकडे ९६ लाखच राहतो, कारण लाभांश वर ओढला तरी तो समूहाच्या आतच फिरला.

प्रत्यक्ष हिशेबाच्या मार्गाने पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होते. अधिग्रहणोत्तर नफा फक्त ३० लाख आणि लाभांश ६० लाख. म्हणजे अलीकडच्या नफ्याचे मत घेतले तरी निदान ३० लाख जुन्या नफ्यातूनच आले पाहिजेत. सूत्रधारी कंपनीला मिळालेल्या ४८ पैकी २४ उत्पन्न आणि २४ किमतीची परतफेड. गुंतवणूक ८६० वरून ८३६ वर येते. उपकंपनीची अधिग्रहणपूर्व मत्ता ९०० वरून ८७०, तिचे ८० टक्के ६९६, गुडविल पुन्हा १४०.

लेखामानक १३ क्रम ठरवून देत नाही. विभागणी मनमानी केल्याशिवाय करता येत नसेल, तर लाभांश स्पष्टपणे किमतीची परतफेड आहे असे दिसेल तेवढ्यापुरतीच किंमत कमी करावी, एवढेच ते सांगते. ही तरतूद पहिल्या मताला झुकते माप देते असे म्हणता येईल, पण तसा थेट निर्णय मानकात नाही.

इंड एएसने निवडलेली वाट

आंतरराष्ट्रीय मंडळाने मे २००८ च्या दुरुस्तीने, १ जानेवारी २००९ पासून, हा सगळा भेद स्वतंत्र हिशेबांतून काढून टाकला. जुन्या अधिग्रहणांची अधिग्रहणपूर्व शिल्लक वर्षानुवर्षे मागे जाऊन शोधणे, विशेषतः मानके पहिल्यांदा स्वीकारणाऱ्यांना, फार जड जात होते. इंड एएस २७ हीच भूमिका घेते: लाभांशाचा हक्क निर्माण झाला की तो स्वतंत्र नफातोटा पत्रकात उत्पन्न म्हणून घ्यायचा, कुठल्याही नफ्यातून आलेला असो.

आपल्या उदाहरणात सूत्रधारी कंपनी ४० आणि ४८ मिळून ८८ लाख उत्पन्न दाखवते आणि गुंतवणूक ९०० वरच राहते. एकत्रीकरणात हे ८८ लाख पूर्ण काढून टाकले जातात. गुडविल १४० आणि समूहाचा वाटा २४ लाख, लेखामानकांखाली होते तेच.

म्हणजे जुनी मर्यादा संपली का? पुरती नाही. इंड एएस ३६ मध्ये तिची जागा मूल्यघटीच्या खुणेने घेतली. लाभांश घेतल्यावर स्वतंत्र हिशेबातली गुंतवणूक एकत्रित हिशेबातल्या निव्वळ मत्ता आणि गुडविलपेक्षा जास्त असेल, किंवा लाभांश त्या कालावधीतल्या उपकंपनीच्या एकूण सर्वसमावेशक उत्पन्नापेक्षा जास्त असेल, तर गुंतवणुकीची वसूल होण्याजोगी किंमत तपासावी लागते. आपल्या उदाहरणात दुसरी खूण लागत नाही, कारण वर्षाचे उत्पन्न १८० आणि लाभांश ११० लाख. पहिली मात्र लागते. ९०० च्या समोर मत्तेतला वाटा ६९६ आणि गुडविल १४०, मिळून ८३६. फरक ६४ लाखांचा, आणि तो अधिग्रहणपूर्व लाभांशाच्या ४० आणि २४ च्या बेरजेइतकाच आहे. जुना नियम जे थेट वजा करत असे, तेच नवा नियम तपासायला सांगतो. फरक असा की तपासणीत वसूल होण्याजोगी किंमत ९०० हून जास्त निघाली तर काहीच वजा होत नाही. एका बाजूला जुने हिशेब उकरण्याचे ओझे गेले, दुसऱ्या बाजूला यांत्रिक नियमाची जागा अंदाजावर टेकलेल्या चाचणीने घेतली. जाणकारांमध्ये या अदलाबदलीबद्दल एकमत नाही, आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे समजण्यासारखे आहे.

किती महिन्यांचा नफा दाखवायचा

एकत्रित नफातोटा पत्रकात उपकंपनीची विक्री आणि खर्च नियंत्रणाच्या तारखेपासूनच घ्यायचे, हे आज भारतात दोन्ही चौकटींत मान्य आहे. पण हे उत्तर सर्वत्र नेहमी असेच नव्हते. अमेरिकेत १९५९ च्या ५१ व्या लेखा संशोधन पत्रिकेने दोन पद्धती मान्य केल्या होत्या. एकीत फक्त तारखेनंतरचे आकडे. दुसरीत पूर्ण वर्षाची विक्री आणि खर्च दाखवून शेवटी अधिग्रहणपूर्व नफा वजा करायचा. दुसऱ्या पद्धतीमागचे कारण असे की त्यामुळे पुढच्या वर्षाशी तुलना सोपी होते. अंतिम नफा दोन्हींत तेवढाच, आपल्या उदाहरणात २४ लाख, पण विक्रीची ओळ वेगळी. समूहाने ज्या विक्रीवर नियंत्रण ठेवले नाही ती त्याच्या विक्रीत का, या आक्षेपाला समाधानकारक उत्तर नव्हते, आणि २००७ च्या नव्या अमेरिकी मानकांनी तो पर्याय बंद केला.

तुलनेची गरज मात्र खरी होती, आणि ती आता टिपांमधून भागवली जाते. इंड एएस १०३ नुसार तारखेनंतरची उपकंपनीची विक्री आणि नफा, तसेच अधिग्रहण वर्षाच्या पहिल्याच दिवशी झाले असते तर समूहाची विक्री आणि नफा किती असता, हे दोन्ही सांगावे लागते. बियाण्यांच्या कंपनीसारख्या उदाहरणात हा दुसरा आकडा वाचकाला जास्त उपयोगाचा असतो, कारण आठ महिन्यांच्या ३० लाखांवरून पुढच्या वर्षाचा अंदाज बांधला तर तो साफ चुकेल.

काय अजून सुटलेले नाही

हंगामी व्यवसायात महिन्यांच्या प्रमाणाचा वापर कुठपर्यंत चालवून घ्यावा, याची मर्यादा कोणत्याही मानकात आकड्यात दिलेली नाही. लेखामानक २१ चा 'व्यवहार्य नसेल तर' हा शब्दप्रयोग किती ताणता येतो, हे प्रत्येक लेखापरीक्षक आपल्या निर्णयाने ठरवतो. मालाचा साठा आणि परतावे मोठे असतील तिथे तो कमी ताणावा, हे मत आता जास्त ऐकू येते.

टप्प्याटप्प्याने घेतलेल्या भागांबाबतही दोन्ही चौकटी वेगळ्या दिशांना जातात. लेखामानक २१ प्रत्येक टप्प्याच्या तारखेची मत्ता वेगळी पाहते, म्हणजे अधिग्रहणपूर्व नफ्याच्या एकाहून अधिक रेषा ओढाव्या लागतात, मात्र लहानसहान खरेदीसाठी नियंत्रणाची तारीख घेण्याची सवलत आहे. इंड एएस १०३ आधीची गुंतवणूक नियंत्रणाच्या दिवशी वाजवी मूल्याने पुन्हा मोजते आणि रेषा एकच ठेवते.

राहिला वाटपाचा प्रश्न, ज्यासाठी १९५६ च्या कायद्यात अट घातली गेली होती. इंड एएस पाळणाऱ्या कंपनीने अधिग्रहणपूर्व लाभांशाचे ६४ लाख उत्पन्नात घेतले, तर ते तिच्या भागधारकांना वाटता येतील का? २०१३ च्या कायद्याचे कलम १२३ वाटपयोग्य नफ्यातून न वसूल झालेले, काल्पनिक आणि पुनर्मूल्यांकनाचे लाभ वगळायला सांगते. लाभांश हा बँकेत जमा झालेला पैसा असल्याने तो या वगळणीत बसत नाही, असे एक वाचन आहे. दुसऱ्या वाचनानुसार कलमात उल्लेख नसला तरी तो किमतीचा परतावा आहे, म्हणून मूल्यघटीची चाचणी पुरी होईपर्यंत संचालकांनी तो वाटपासाठी धरू नये. जुन्या कलम २१२ सारखी थेट मनाई २०१३ च्या कायद्यात नाही.